पाण्याची रेल्वे आणि भाच्याचा निबंध

भाचा पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. परवा निबंध पाठवला, "मामा, जरा बघ ना." विषय: मराठवाड्यात उसाला ठिबक सक्तीचं करावं. बाजू त्यानं पहिल्याच ओळीत घेतली होती, तेवढ्यावर मी खूश.

दुसरा परिच्छेद लातूरच्या पाणी रेल्वेचा. एप्रिल 2016, मिरजेहून निघालेली गाडी, दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, स्टेशनवर जमलेली गर्दी. लिहिलंय इतकं छान की मीही दोनदा वाचलं. आणि मग समासात पेन्सिलीनं लिहिलं: "म्हणून ठिबक सक्तीचं करावं, कारण ____". रिकामी जागा त्या परिच्छेदातल्याच मजकुरानं भरून दाखव म्हटलं. दहा मिनिटांनी फोन. "कारण लातूरला पाणी नव्हतं."

बरं. पण ठिबकची सक्ती नको म्हणणारा शेतकरीही त्या रेल्वेचं वर्णन वाचून हळहळेलच की. तो मान डोलावेल, डोळे पुसेल आणि म्हणेल, "खरंय, पण सक्ती नकोच." विरोधक ज्या परिच्छेदातलं अक्षर न् अक्षर मान्य करतो आणि तरी जागचा हलत नाही, तो परिच्छेद तुमच्या बाजूनं काहीच करत नसतो. इंग्रजीत याला रेड हेरिंग म्हणतात, आपल्याकडे फाटे फोडणं. फरक इतकाच की आपण फाटे मुद्दाम फोडतो असं धरून चालतो. इथे पोरानं ते भाबडेपणानं फोडले होते.

"पण मामा, रेल्वे खरी आहे ना?"

खरी आहे, म्हणूनच तर फसवते. खोटी माहिती कुणीतरी पकडतं. खरी, हृदयाला भिडणारी आणि मुद्द्याला न चिकटणारी माहिती लिहिणाऱ्यालाच पकडता येत नाही, कारण ती काढायला जीव होत नाही.

तिसरा परिच्छेद सहकाराचा: प्रवरानगरचा कारखाना, विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ. पेन्सिलीची रिकामी जागा तशीच राहिली. चौथा, साखरसम्राटांच्या राजकारणावर. त्यात राग होता, पण माणसं वाईट म्हणून पाइपलाइन चांगली ठरत नाही. पाचवा मात्र पक्का: पाटानं पाणी दिलं की सरीभर पसरतं, उन्हानं उडतं, मुळांच्या खालीही निघून जातं. ठिबकचं पाणी थेंबाथेंबानं मुळापाशीच पडतं. कारण सापडलं, जागा भरली. सहावा खर्चाचा, म्हणजे विरोधकाचाच आक्षेप. त्यातून "कारण" निघत नव्हतं, तरी तो ठेवायला सांगितला, कारण आक्षेपाला उत्तर देणं हेही कामच आहे. फक्त उत्तर त्याच परिच्छेदात हवं. त्यानं आक्षेप मांडून पुढच्या परिच्छेदात हवामान बदल सुरू केला होता.

आता रेल्वेचं काय करायचं? काढून टाकणं सोपं होतं. पण मी विचारलं, लातूर शहराला पाणी कुठून येतं? मांजरा धरणातून. त्याच मांजराच्या कालव्यांवर ऊसही उभा आहे. ही दोन वाक्यं त्याच्या डोक्यात होती, कागदावर नव्हती. ती घातली की रेल्वे आणि ऊस एका धरणाला जोडले जातात. आपल्याला माहीत असलेला दुवा वाचकालाही माहीत आहे असं आपण धरून चालतो, तिथेच सगळ्यात जास्त घोळ होतो.

दुवा जोडला तेव्हा खरी अडचण वर आली. ठिबकनं वाचलेलं पाणी धरणात राहील कशावरून? ज्याचं पाणी वाचलं तो पुढच्या वर्षी आणखी दोन एकर ऊस लावेल. म्हणजे ठिबक पाणी वाचवतं हे सिद्ध झालं, लातूरकरांच्या नळाला ते पोचेल हे नाही. भाचा दोन मिनिटं गप्प. मग म्हणाला, "म्हणजे पाणी मोजून द्यायला लागेल." पहिली ओळ बदलली: ठिबक सक्तीचं करावं, आणि पाणी मोजून, ठरलेल्या कोट्यानं द्यावं.

असं होतं कधी कधी. परिच्छेद तपासायला बसावं आणि मूळ विधानच वाकडं निघावं. मला तर हेच जास्त आवडतं. पण परीक्षेला चार दिवस उरलेल्या पोराला ते सांगू नये.

एक गोष्ट मात्र त्याच्या निबंधात कुठेच नव्हती: राज्य सरकारनं 2017 मध्येच उसाला टप्प्याटप्प्यानं ठिबक सक्तीचं करायचा निर्णय घेतला होता. "सक्ती करावी" म्हणणाऱ्यानं आधी केलेल्या सक्तीचं काय झालं हे लिहायलाच हवं. सहकाराच्या इतिहासाला अर्धं पान होतं, आणि याला जागा नव्हती!

आज सकाळी नवा मसुदा आला. रेल्वे तीन ओळींत आहे, मांजरा धरण तिच्या खालीच. विखे पाटील आणि गाडगीळ दिसले नाहीत. विचारलं तर म्हणाला, "वेगळ्या वहीत उतरवून ठेवलेत मामा. सहकारावर निबंध आला की काढेन."