नफ्याला हात न लावण्याची कला

आपण निफ्टीचा कॉल, म्हणजे निर्देशांक ठरलेल्या आकड्याच्या वर गेल्यास फायदा देणारा करार, विकत घेतला असेल आणि दुर्दैवाने तो फायद्यात आला असेल, तर पहिली खबरदारी ही घ्यावी की त्यातले काहीही विकू नये. थोडे विकून थोडे ठेवण्याची बुद्धी भित्र्या माणसांना होते, आणि कॉलेज रोडवरच्या चहाच्या टपरीवर अशा माणसाला दोन दिवस तोंड दाखवता येत नाही.

उदाहरणासाठी माझाच व्यवहार घ्या. बुधवारी निफ्टी २५,००० वर असताना मी पुढच्या मंगळवारी संपणाऱ्या, २५,००० च्या कॉलचे चार लॉट १२० रुपयांनी घेतले. ६५ च्या लॉटने एकूण ३१,२०० रुपये गेले. गुरुवारी निफ्टी २५,२०० च्या आसपास आला आणि प्रीमियम, म्हणजे कॉलचा भाव, २४० झाला. याच क्षणी दोन लॉट विकले असते तर सगळे भांडवल परत आले असते, आणि नेमक्या याच कारणासाठी ते विकायचे नसतात, कारण भांडवल खिशात परतले की रात्री झोप लागते. शुक्रवारी निफ्टी २५,२९० आणि प्रीमियम ३१० झाला. एखाद्या घाबरटाने तिसरा लॉट तिथे काढून चौथा मोकळा सोडला असता. मी मात्र मोबाइलच्या पडद्यावरचा ४९,४०० रुपयांचा हिरवा आकडा सौभाग्यवतींना दाखवला आणि काहीच विकले नाही.

त्या ३१० रुपयांकडे जवळून पाहू नये, पाहिल्यास मन चळते. त्यातले २९० रुपये निफ्टी २५,००० च्या वर असल्याचे होते आणि उरलेल्या वेळेची किंमत जेमतेम वीस रुपये. म्हणजे दिवसागणिक वेळेची किंमत खाणारा थीटा आता फारसे खाणार नव्हता, कारण त्याला खायला वीसच रुपये उरले होते. खरी जोखीम उरलेल्या २९० रुपयांवर होती. बुधवारी निफ्टी शंभराने पडला असता तर हा कॉल सुमारे पन्नास रुपयांनी उतरला असता, शुक्रवारी तेवढ्याच पडझडीत तो त्याहून बराच अधिक उतरला असता. एकतीस हजारांची पैज न सांगता ८०,६०० रुपयांची झाली होती. आज हातात काहीच नसते तर ८०,६०० रुपये मोजून हेच चार लॉट घेतले असते का, हा प्रश्न मनात आल्यास ताबडतोब टीव्हीचा आवाज वाढवावा.

निफाडला कांदा पिकवणारे आमचे दाजी त्याच शनिवारी घरी आले होते. त्यांनी उन्हाळ कांद्याची एक ट्रॉली लासलगावला नेली होती, बाकीचा माल चाळीत ठेवला होता.

"दाजी, भाव चढतोय, तर आत्ताच का विकली?" मी विचारले.

"खताची उधारी फिटली. आता चाळीतला कांदा पाहिजे तेवढा थांबू शकतो," ते म्हणाले.

शेतकऱ्याला ऑप्शन कळत नाहीत, हे मी मनातल्या मनात नोंदवून ठेवले.

मंगळवारी सव्वातीनला निफ्टी २५,१०० च्या वर दिसत होता, पण हिशेब त्या क्षणाच्या आकड्यावर होत नाही, शेवटच्या अर्ध्या तासाच्या सरासरीवर होतो, आणि ती आली २५,०४५. प्रत्येक कॉलचे ४५ रुपये मिळाले. माझा तोटा १९,५०० रुपये झाला. दोन लॉट २४० ला, एक ३१० ला विकून शेवटचा ४५ वर संपू दिला असता तर खर्च वजा जाता २३,०७५ रुपयांचा नफा उरला असता, आणि दलाली व कर वगळूनही तो नफाच राहिला असता, ही कटकटच आहे.

मात्र न्यायाने सांगायचे तर निफ्टी २५,६०० वर बंद झाला असता, तर टप्प्याटप्प्याने विकणाऱ्याला ५९,१५० आणि मला १,२४,८०० रुपये मिळाले असते. टप्पे मोठ्या तेजीतला निम्म्याहून अधिक फायदा खातात, हे खोटे नाही. म्हणूनच मी वर्षभरातला असा एकच मंगळवार सगळ्यांना सांगतो आणि बाकीच्यांविषयी मौन पाळतो.

याहून सुरक्षित उपाय म्हणजे एकच लॉट घ्यावा, म्हणजे टप्प्यांचा विचारच करता येत नाही. आणि इंडेक्सऐवजी एखाद्या शेअरचा कॉल घेतला तर आणखी बहार येते, कारण तिथे शेवटी पैशांऐवजी शेअरच घ्यावे लागतात आणि त्यासाठी फायद्यातल्या कॉलवर समाप्तीआधीच्या चार दिवसांत मार्जिन वाढत्या टप्प्यांनी मागितले जाते. जे टप्पे आपण स्वतः करायला नकार दिला होता, ते तिथे कुणीतरी करून देते.