दिग्दर्शक, दार आणि नऊ मिनिटे

चित्रपट महोत्सवात परदेशी दिग्दर्शकाची ओळख करून द्यायची आणि चित्रपट संपल्यावर त्याच्याशी प्रेक्षकांचा संवाद घडवून आणायचा, हे काम माझ्याकडे आले त्याचे एकमेव कारण म्हणजे ज्यांच्याकडे ते मुळात होते त्यांना ऐन वेळी ताप आला. पाहुणे हंगेरीचे होते. चार दिवस आधी मला चित्रपटाचा दुवा आणि पासवर्ड मिळाला. चोरी होऊ नये म्हणून अशा प्रतीवर पाहणाऱ्याचे नाव पुसट अक्षरांत उमटवलेले असते, त्यामुळे एकशे बारा मिनिटे नायिकेच्या कपाळावर माझे आडनाव कुंकवासारखे लागलेले होते. शेवटच्या हृदयद्रावक प्रसंगात तर ती रडत आहे ती माझ्यामुळेच, असे मला वाटू लागले.

पहिली अडचण नावाची. हंगेरियन भाषेत नुसता ‘एस’ आला तर त्याचा उच्चार ‘श’ होतो आणि ‘एस’च्या पुढे ‘झेड’ आला तर ‘स’. म्हणूनच तिथले लोक आपल्या राजधानीला ‘बुदापेश्त’ म्हणतात. शिवाय आघात नेहमी पहिल्या अक्षरावर, आणि आडनाव आधी. तिथल्या ज्या दिग्दर्शकांना आपण बेला तार म्हणतो, त्यांचे नाव त्यांच्या देशात तार बेला असे घेतात. ज्याचे नाव दहा वर्षे शाळेच्या हजेरीपटावर आडनावापासून पुकारले गेले, त्या मराठी माणसाला हे चटकन समजावे. पण समजणे वेगळे आणि हातात ध्वनिक्षेपक आल्यावर उच्चारणे वेगळे. पाहुण्यांच्या नावात ‘एस’ होता, ‘एस-झेड’ही होता. मी घरी इतका सराव केला, की पत्नीने दूधवाल्याला ‘शाडेशात’ वाजता ये असे सांगितले. अखेर शहाणपणा सुचला आणि विश्रामकक्षात खुद्द पाहुण्यांकडूनच त्यांचे नाव तीनदा वदवून घेऊन मी ते देवनागरीत एका चिठ्ठीवर उतरवले. त्या वेळी त्यांनीही मला माझे नाव विचारले, ते मी सांगितले, आणि तो विषय तिथेच संपला असे मी समजलो.

दुसरी अडचण वेळेची, आणि ती निव्वळ वजाबाकीची होती. खेळ साडेसहाचा, त्याच पडद्यावर पुढचा खेळ नऊचा. मधल्या दीडशे मिनिटांतून चित्रपटाची एकशे बारा आणि सभागृह रिकामे करून पुन्हा भरण्याची पंधरा गेली की उरतात तेवीस. त्यांतली तीन ओळख करून देण्यासाठी, वीस प्रश्नोत्तरांसाठी. मी आधी चार पानांचे भाषण लिहिले होते, त्यात हंगेरीचा इतिहास सन १५२६च्या मोहाचच्या लढाईपासून होता. ते छाटत छाटत सहा वाक्यांवर आणले: नाव, आधीच्या दोन चित्रपटांचा उल्लेख, या चित्रपटात कानांनी लक्ष द्यावे असे एक वाक्य, आणि खेळानंतर दिग्दर्शक थांबणार आहेत ही सूचना. कथेविषयी एकही शब्द नाही. ओळख करून देणाऱ्याने कथा सांगणे म्हणजे ताटावर बसलेल्या माणसाचा पहिला घास आपणच खाण्यासारखे आहे.

प्रत्यक्षात निवेदिकेने प्रथम मलाच ‘श्री. पल्सूल’ म्हणून मंचावर बोलावले. मग शाल आली, श्रीफळ आले, पुष्पगुच्छ आला, आणि प्रायोजकांच्या वतीने आलेले गृहस्थ ‘दोनच शब्द’ बोलायला उभे राहिले. त्यांनी पाहुण्यांच्या नावातल्या प्रत्येक ‘श’चा ‘स’ आणि प्रत्येक ‘स’चा ‘श’ केला, आणि ‘अखेरीस वडिलोपार्जित घर विकावे लागलेल्या कुटुंबाची ही हृद्य कहाणी’ असे सांगून तीनशे माणसांना शेवट सुपूर्त केला. पाहुण्यांना मराठी येत नसल्यामुळे त्यांनीच सर्वांत मनापासून टाळ्या वाजवल्या. या समारंभाला अकरा मिनिटे लागली, माझ्या ओळखीला ठरलेली तीन. चित्रपट सहा चव्वेचाळीसला सुरू झाला, म्हणजे आठ छत्तीसला संपणार आणि पावणेनऊला सभागृह सोडायचे. वीस मिनिटांची नऊ झाली होती.

दिग्दर्शक आपला चित्रपट पुन्हा बघत बसत नाहीत. पहिली काही मिनिटे मागे उभे राहून आवाज बरोबर आहे ना एवढे ते पाहतात आणि मग जेवायला जातात. त्यांना शेवटापूर्वी दहा मिनिटे परत आणणे हे स्वतंत्र संकट असते. आमचे पाहुणे वेळेवर आले, पण खांद्यावर शाल तशीच होती, त्यामुळे अंधारात दारावरच्या स्वयंसेवकाने त्यांना कोणी स्थानिक साहित्यिक समजून तिकीट मागितले.

श्रेयनामावली संपेपर्यंत दिवे लावू नका, असे मी वर यंत्रचालकाला सांगून ठेवले होते, कारण दिवे लागताच निम्मे लोक उठतात आणि उरलेले त्यांच्याकडे रागाने बघण्यात गुंततात. पहिला प्रश्न मीच विचारायचा असतो. तो आधी ठरवलेला नसेल, तर ‘प्रेरणा कुठून मिळाली?’ असे कोणीतरी विचारतो आणि दिग्दर्शक गेल्या सहा गावांत दिलेले उत्तर झोपेत दिल्यासारखे देतात. मी एका विशिष्ट दृश्याविषयी विचारले: आई जाते तेव्हा कॅमेरा तिच्यामागे का जात नाही? पाहुणे एकदम सावरून बसले. खोली इतकी लहान होती, की कॅमेरा वळवला असता तर भिंतीला टेकलेले पाच तंत्रज्ञ दिसले असते, असे त्यांनी सांगितले. लोक हसले. नऊपैकी दोन मिनिटे सत्कारणी लागली.

मग तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ उठले. ध्वनिक्षेपक प्रेक्षकाच्या हातात सोडायचा नसतो, तो स्वयंसेवकाने धरून ठेवायचा असतो, हा नियम मला तोंडपाठ होता. आमच्या स्वयंसेवकाला नव्हता. गृहस्थांनी १९९४ सालचा तार यांचा सात तासांहून लांब चित्रपट आपण एका बैठकीत पाहिल्याचे सांगितले, आणि त्या बैठकीची हकीकत मराठीत सुरू केली. तिथून ते मध्य युरोपवर, तिथून उघड्या दारावर आले. या चित्रपटात घराचे मागचे दार शेवटपर्यंत लागत नाही. हे दार म्हणजे पूर्व आणि पश्चिम यांमधली न मिटलेली सीमा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्रश्न होता की नव्हता हे सांगणे कठीण. तीन मिनिटे झाली होती आणि पाहुणे माझ्याकडे पाहत होते. मी सगळ्याचे इंग्रजीत एकच वाक्य केले: “ते विचारत आहेत, दार उघडे का?”

“बिजागरी मोडली होती,” पाहुणे म्हणाले.

तिसऱ्या रांगेत शांतता पसरली. मी मराठीत सांगताना ‘बिजागरी’ हा शब्द शक्य तितका प्रतीकात्मक वाटेल अशा स्वरात उच्चारला, पण उपयोग झाला नाही. पाहुण्यांनाच दया आली असावी. घर भाड्याचे होते, असे ते पुढे सांगू लागले. वाऱ्याने दार कुरकुरे, ध्वनिमुद्रक रोज भांडे, म्हणून संकलनात ती कुरकुर पुसून टाकली. पण ती गेल्यावर घर मेल्यासारखे वाटू लागले, तेव्हा सगळी परत आणली आणि शेवटच्या प्रसंगात मुद्दाम वाढवली. “म्हणजे सीमेचे मला ठाऊक नाही,” ते म्हणाले, “पण दाराकडे लक्ष गेले ते बरोबरच आहे.” गृहस्थ प्रसन्न मुद्रेने खाली बसले आणि शेजाऱ्याला म्हणाले, “पाहा, मी म्हणत होतो तेच.”

‘शेवटचा प्रश्न’ असे म्हणताच अकरा हात वर झाले. एवढा वेळ हे हात कुठे होते, हे मला कधीच कळलेले नाही. बाहेर नऊच्या खेळाची रांग दारावर थापा मारत होती, वरून यंत्रचालक टॉर्च उघडझाप करत होता. मी एका मुलीला बोट केले, तिने “ते घर आता कोणाकडे आहे?” असे विचारले. “दंतवैद्याकडे,” पाहुणे म्हणाले, आणि पावणेनऊ झाले.

आभार मानणे माझे काम होते, पण त्यांनी हातानेच मला थांबवले आणि कोटाच्या खिशातून चिठ्ठी काढून माझे आभार मानले: आधी आडनाव, मग नाव, पहिल्या अक्षरावर ठासून आघात, आणि ‘ळ’चा ‘ल’ झाला होता तेवढे सोडले तर स्वच्छ ‘पलसुले’. खाली उतरताना मी ती चिठ्ठी पाहिली. ‘स’च्या जागी त्यांनी काळजीपूर्वक एस लिहिला होता आणि त्याच्यापुढे, चुकून मी ‘पळशुले’ होऊ नये म्हणून, एक झेड.