सीसीटीव्हीच्या वायरवर एसडीआय? जरा थांबा

"एसडीआय केबल म्हणजे निव्वळ लूट आहे. सीसीटीव्हीची 3+1 वायर घ्या, बीएनसी लावा, तेच काम होतं. 75 ओम वगैरे काही नसतं, मल्टिमीटर लावून बघा, चार-पाच ओम दाखवतो. आणि डिजिटल सिग्नल एक तर येतो नाहीतर येत नाही, खराब होत नाही. सगळ्या व्हिडिओवाल्यांना पाठवा."

हा मेसेज सोलापुरातल्या शूटिंगवाल्यांच्या ग्रुपवर महिनाभर फिरतोय. एसडीआय म्हणजे कॅमेऱ्याचं डिजिटल चित्र कोॲक्स केबलवरून पाठवायची पद्धत; कोॲक्स म्हणजे मधे तार, भोवती फोम आणि त्यावर जाळी. 3+1 म्हणजे एक बारीक कोॲक्स आणि सोबत तीन साध्या तारा, आणि बीएनसी म्हणजे कोॲक्सच्या टोकाचा कनेक्टर. तोवर दुर्लक्ष केलं. पण परवा माझा भाचा नवी पेठेतून 3+1 चं 90 मीटरचं बंडल उचलून आला. लग्नाचं मोठं लॉन, कॅमेरा मागच्या टोकाला, एलईडी वॉल स्टेजपाशी. म्हणाला, "मामा, घरी दहा मीटरचा तुकडा लावून बघितलाय, एक नंबर चालतंय." म्हणून हे लिहावं लागतंय.

आधी मल्टिमीटर, कारण सगळी गडबड तिथून सुरू होते. मल्टिमीटर डीसी सोडतो आणि तांब्याचा रोध मोजतो. चार-पाच ओम दाखवले तर तो मधल्या तारेचा रोध झाला, लांबी दुप्पट केली की तोही दुप्पट. केबलवर छापलेले 75 ओम दहा मीटरला 75 असतात आणि शंभर मीटरलाही 75च. केबलमधून लाट पुढे सरकत असताना तिचा व्होल्टेज आणि करंट यांचं जे गुणोत्तर असतं, ते हे 75. ते तांब्याच्या जाडीवर एकट्याने ठरत नाही. मधली तार किती जाड, बाहेरच्या जाळीचा आतला व्यास किती आणि मधे कुठला फोम, या तिघांवर ठरतं, सूत्रात अनुक्रमे d, D आणि ε:

```
Z = (138 / √ε) × log10(D / d)
```

बेल्डेनची 1694ए घ्या, प्रसारणवाल्यांची नेहमीची केबल. तार सुमारे 1 मिमी, फोमचा बाहेरचा व्यास सुमारे 4.6 मिमी, फोमचा ε दीडच्या आसपास. आकडे टाकले की उत्तर 75 च्या जवळ येतं. आता मांडवाच्या लोखंडी खांबाला केबल टायने करकचून आवळा. तिथे फोम दबला, व्यास कमी झाला, म्हणजे तेवढ्या जागी ओमही उतरले. सोलापूरच्या मे महिन्यात उन्हात पडलेल्या केबलला घट्ट वळण दिलं तर मऊ झालेल्या फोममधून तार एका बाजूला सरकते आणि तेच होतं. मल्टिमीटर या दोन्ही वेळी आधीसारखाच आकडा दाखवेल.

ओम बदलले की लाटेचा काही भाग उलटा फिरतो. 75 च्या केबलला 50 ओमचा लांब तुकडा जोडला तर 25 भागिले 125, म्हणजे पाचवा हिस्सा व्होल्टेज परत येतो. हे ॲनालॉगलाही लागू आहे, बरं का. 90 मीटरवरून परत येऊन पुन्हा पुढे गेलेला सिग्नल जवळपास 0.9 मायक्रोसेकंद उशिरा पोचतो. चित्राची एक ओळ 52 मायक्रोसेकंदांची, म्हणून उजवीकडे थोडं सरकलेलं फिकट भूत दिसतं. गेटवरच्या कॅमेऱ्यात ते कोण बघतंय? गाडीचा नंबर दिसला की झालं.

एसडीआयमध्ये भूत दिसत नाही, तिथे बिटच मरतो. जुन्या ॲनालॉग कॅमेऱ्याचं काम पाच-सहा मेगाहर्ट्झमध्ये उरकतं. आताच्या एचडी ॲनालॉग सीसीटीव्हीचं दहाच्या काही पट मेगाहर्ट्झमध्ये. एचडी-एसडीआय सेकंदाला 1.485 गिगाबिट पाठवतो. एका बिटच्या वाट्याला 673 पिकोसेकंद येतात, म्हणजे चांगल्या केबलमध्ये एक बिट जेमतेम 16-17 सेंटिमीटर लांब. भाच्याच्या 90 मीटरमध्ये एकाच वेळी पाचशेहून जास्त बिट रांगेने धावत असणार. मधल्या जोडावरून परतलेला तुकडा कुठल्या ना कुठल्या मागच्या बिटावर आदळणारच.

"डिजिटल खराब होत नाही" यातलं अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. चित्र हळूहळू फिकट होत नाही. पण केबलमधला सिग्नल खराब होतच असतो, फक्त रिसिव्हर तो काही हद्दीपर्यंत सावरून घेतो. एसएमपीटीई एसटी 292 या मानकाने ती हद्द लिहूनच ठेवली आहे: क्लॉकच्या निम्म्या फ्रिक्वेन्सीला, म्हणजे 742.5 मेगाहर्ट्झला, साधारण 20 डीबी घट. हल्लीचे चांगले रिसिव्हर त्यापलीकडेही ओढतात, पण त्या भरवशावर लग्न घेऊ नये.

आता भाच्याचा हिशेब. 1694ए या फ्रिक्वेन्सीला 100 मीटरमागे सुमारे 18 डीबी खाते. 90 मीटरला 16. 1080i50 आरामात जाईल. पण त्याचा कॅमेरा 1080p50 वर होता. तो 3जी-एसडीआय, 2.97 गिगाबिट, निम्मं 1.485 गिगाहर्ट्झ. तिथे तीच केबल 100 मीटरमागे सुमारे 27 डीबी खाते, 90 मीटरला 24. म्हणजे उत्तम केबलसुद्धा हद्दीबाहेर! मग ती बारीक कोॲक्सवाली 3+1 काय करणार? तिच्या वेष्टनावर 750 मेगाहर्ट्झचा आकडाच नसतो, कारण ती त्यासाठी बनवलेलीच नाही. विरळ ॲल्युमिनियमची जाळी, मधे बरेचदा तांब्याचा मुलामा दिलेलं लोखंड.

यावर कोणीतरी म्हणेल, उच्च फ्रिक्वेन्सी तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहते, मग मुलामा पुरे. डिशच्या केबलला पुरतो, खरंय. पण एसडीआयमध्ये खालच्या फ्रिक्वेन्सीही असतात आणि त्या लोखंडात शिरून जास्त घटतात. रिसिव्हरमधला इक्वलायझर शुद्ध तांब्याची घट गृहीत धरून भरपाई करतो. त्याचा अंदाज चुकतो.

घरचे दहा मीटर चालले याचं कारणही हेच. दहा मीटरवर कुठलीही वायर 20 डीबीच्या आत राहते. हद्द ओलांडताना मात्र काही मीटरांत खेळ संपतो: आधी पडद्यावर चमकते ठिपके, मग ओळी, मग काळा पडदा. म्हणून कार्यक्रमाआधीची चाचणी अशी करायची: पूर्ण रन टाकायचा आणि त्यात मुद्दाम आणखी दहा-पंधरा मीटर जोडायचे. तरी चित्र स्वच्छ राहिलं तर हातात काही शिल्लक आहे. मॉनिटरवर सीआरसी एररचा, म्हणजे चुकलेल्या डेटाच्या मोजणीचा, आकडा दिसत असेल तर तोही बघायचा, तो ठिपक्यांच्या आधी वाढायला लागतो.

भाच्याला बंडल परत करायला लावलं. चांगली केबल भाड्याने आणली आणि कॅमेरा 1080i50 वर घेतला.

बीएनसीबद्दल थोडक्यात. 50 आणि 75 ओमचे बीएनसी एकमेकांत बसतात, आणि एखादा 50 चा लागला तर एचडीवर सहसा काही कळतही नाही, कारण तो फार आखूड असतो. 3जीवर आणि चार-पाच जोड असतील तिथे मात्र कळतं. ओळखायला सोपं: 50 वाल्यात पिनभोवती पांढरं प्लास्टिक जाड असतं, 75 वाल्यात बहुतेक हवाच. खरी बला ते सीसीटीव्हीचे स्क्रूवाले बीएनसी. त्यात जाळी पिळून बाजूला नेतात, दोन-तीन सेंटिमीटर तार उघडी राहते, आणि तेवढ्यात कोॲक्स ही कोॲक्स राहत नाही. त्याच केबलच्या मापाचा क्रिंप बीएनसी आणि त्याच मापाचा डाय, एवढंच चालतं.

आणि टी कनेक्टर लावून एका एसडीआयचे दोन करू नका. ॲनालॉगमध्ये मधल्या मॉनिटरचं टर्मिनेशन बंद करून ते जमायचं. इथे मॉनिटरच्या लूप आउटमधून पुढे जा, नाहीतर डिस्ट्रिब्युशन ॲम्प्लिफायर घ्या.