परदेशात कापलेला कर: खुलासा

“अमेरिकी शेअरच्या लाभांशावर तिथे २५ टक्के कर कापला, तर इथे रिटर्न भरताच पूर्ण रक्कम परत मिळते.”

वडोदऱ्यातल्या आपल्या ग्रुपवर हा मेसेज मीच टाकला होता, तो चुकला. १९६२च्या आयकर नियमावलीतला नियम १२८ पुन्हा वाचला: तिथे भरलेला कर आणि त्याच उत्पन्नावर इथे बसणारा कर, यांपैकी कमी तेवढीच सवलत मिळते.

समजा, लाभांश १,००,००० रुपये, तिथे कापले २५,०००. इथे त्यावर सेससह २०,८०० बसत असतील, तर तेवढेच माफ. उरलेले ४,२०० परत मिळत नाहीत, पुढच्या वर्षीही नेता येत नाहीत. ते पैसे अमेरिकेच्या तिजोरीत गेले, आपलं सरकार ते कुठून देणार? इथला कर ३१,२०० असेल, तर मात्र २५,००० पूर्ण वजा होतात.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका.