‘यलो आहे, काही होत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गावोगावच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज असा आहे:

“शेतकरी बंधूंनो, हवामान खात्याच्या रंगांना घाबरू नका. यलो म्हणजे 64 मिलिमीटरपर्यंत पाऊस, ऑरेंज म्हणजे 115, रेड म्हणजे 204 च्या वर. यलो असला तर निंदण-डवरण बिनधास्त चालू ठेवा, काही होत नाही. तसेही हे अलर्ट खोटेच निघतात, जिल्ह्याला अलर्ट अन् आपल्या वावरात थेंब नाही. रेड आला तरच नदीकाठच्यांनी सावध व्हावं.”

आकडे खरे आहेत, पण ते रंगांचे नाहीत

ते आकडे शब्दांचे आहेत. 24 तासांत 64.5 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला की हवामान विभाग त्याला ‘मुसळधार’ म्हणतो, 115.6 पासून ‘अति मुसळधार’ आणि 204.5 पासून ‘अत्यंत मुसळधार’. रंग ठरवताना मात्र दोन गोष्टी एकत्र पाहतात: ते संकट येण्याची शक्यता किती, आणि आलंच तर नुकसान किती होईल. म्हणून रंग आपल्याला पाऊस मोजून देत नाही, काय करायचं ते सांगतो. हिरवा असेल तर इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, पुढचा मेसेज पाहत राहा. केशरी म्हणजे तयारीत राहा, आणि लाल म्हणजे आता हातपाय हलवा.

याचा अर्थ नीट कळतो तो बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होतो तेव्हा. चार दिवस आधी गडचिरोलीला पिवळा दिसतो. पट्टा जवळ येतो, त्याचा मार्ग स्पष्ट होतो, तसा तोच दिवस आधी केशरी आणि मग लाल होऊ शकतो. दरम्यान पावसाचा अंदाज तेवढाच राहिला असेल, वाढलेली असते ती खात्री. सोमवारी पिवळा पाहून ज्याने विषय सोडून दिला, त्याला गुरुवारचा लाल कळतच नाही. जिल्हावार इशारा पाच दिवसांचा असतो आणि तो रोज नव्याने निघतो, त्यामुळे आजचाच बघावा लागतो.

शिवाय हेच रंग मे महिन्यात अकोल्याला, चंद्रपूरला उष्णतेच्या लाटेसाठी येतात. तिथे कोणते मिलिमीटर लावणार? मेसेजमध्ये आधी संकट कोणतं ते वाचायचं, रंग त्यानंतर.

पिवळ्या रंगात वीज असते

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हे ‘बिनधास्त चालू ठेवा’वालं आहे, आणि मी हे लिहायला बसलो तेही त्याच्यामुळेच.

विजांचा इशारा बहुतेक वेळा पिवळाच येतो. त्याचं कारण समजून घ्या. रंग अख्ख्या जिल्ह्याचा विचार करून देतात. गडगडाटी ढग जिल्ह्यात थोड्याच ठिकाणी येणार, वारा ताशी 30-40 किलोमीटर, पाऊस हलका ते मध्यम. जिल्ह्याच्या मानाने नुकसान कमी, म्हणून पिवळा. पण ज्या वावरावर तो ढग येतो, तिथे धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या बाईसाठी धोका पिवळा राहत नाही. वीज पाऊस मोजून पडत नाही. ढगाच्या कडेपासून चांगली दहा किलोमीटर लांब, जिथे अजून थेंबही आलेला नाही, तिथेही ती पडू शकते.

एक मेसेज समोर ठेवून पाहू. समजा जुलैचा पहिला आठवडा आहे आणि दुपारी 1 वाजता हा आला: “पुढील 3 तासांत यवतमाळ जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट व ताशी 30 ते 40 किमी वेगाच्या वाऱ्यासह हलका ते मध्यम पाऊस पडण्याची शक्यता. यलो.”

हा तीन तासांचा तातडीचा इशारा आहे. तो 4 वाजेपर्यंत लागू, नंतर नवा निघाला तर तो पाहायचा. वावर गावापासून पायी वीस मिनिटांवर आहे आणि आठ बाया निंदणाला लागल्या आहेत. 1 वाजता काम बंद करायची गरज नाही. करायचं एवढंच की दूरच्या कोपऱ्यातलं निंदण उद्यावर टाकायचं, गावाकडच्या तासांना लागायचं, बैल सोडून ठेवायचे आणि मजुरांना आत्ताच सांगून ठेवायचं की पहिला गडगडाट ऐकू आला की विळे खाली ठेवून निघायचं. सव्वादोनला आभाळ काळं झालं, तेव्हाच निघालं तर उत्तम. 2.40 ला पहिला गडगडाट आला तर उरलेली तास पुरी करायला थांबायचं नाही. गडगडाट ऐकू येतो याचा अर्थच आपण त्या विजेच्या पल्ल्यात आहोत. चमक दिसल्यापासून आवाजापर्यंतचे सेकंद मोजले आणि तीनने भागले की वीज किती किलोमीटरवर पडली ते कळतं. 30 सेकंदांच्या आत आवाज आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. शेवटचा गडगडाट 3.20 ला झाला असेल तर 3.50 च्या आधी परत वावरात जायचं नाही. पाऊस थांबला, ऊन पडलं, तरी अर्धा तास थांबायचंच, कारण जाता जाता ढग वीज टाकतो आणि लोक नेमके तेव्हाच बाहेर पडतात.

जायचं कुठे? पक्क्या घरात, शाळेत, ग्रामपंचायतीच्या इमारतीत, नाहीतर पत्र्याचं छत असलेल्या, काचा लावलेल्या जीपमध्ये. कुडाची खोपडी, चहूकडून उघडं टिनाचं शेड, वावरातलं मचाण हे पावसापासून वाचवतात, विजेपासून नाही. झाड तर सगळ्यात वाईट. वीज झाडावर पडली की ती खोडातून खाली जाताना जवळच्या माणसावर उडी घेते, आणि जमिनीत उतरल्यावर मुळांभोवती चहूकडे पसरते. दोन पाय फाकलेले असले की एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरते. ढोरांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून झाडाखाली बांधलेली जोडी एकदम जाते. रानडुकरांसाठी लावलेली झटका मशीनची तार, काट्यांचं तारकुंपण, विहिरीवरचा मोटरपंप यांच्यापासूनही दूर राहायचं. काहीच आडोसा नसेल तर मोकळ्यात, झाडांपासून लांब, दोन्ही पाय जुळवून उकिडवं बसायचं. आडवं पडायचं नाही. हा अगदी नाइलाजाचा उपाय आहे, त्याने धोका कमी होतो, टळत नाही.

मोबाईल वीज खेचतो म्हणून आभाळ भरून आलं की तो बंद करणारे बरेच आहेत. मोबाईल वीज खेचत नाही. तो बंद केल्याने मात्र पुढचा इशारा येत नाही. उलट पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने बनवलेलं ‘दामिनी’ ॲप असेल तर आपल्यापासून 20 आणि 40 किलोमीटरच्या परिघात वीज पडते आहे का ते दिसतं. लोकेशन आणि नेट चालू लागतं, आणि रानात रेंज जाते. म्हणून फोन असला तरी कान उघडे हवेतच.

वावरात थेंब नाही म्हणून अलर्ट खोटा ठरत नाही

वरच्या मेसेजमधले ‘तुरळक ठिकाणी’ हे दोन शब्द लोक गाळून वाचतात. ‘तुरळक’ म्हणजे जिल्ह्यातल्या फार तर 25 टक्के ठिकाणी. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे 75 टक्क्यांपर्यंत, आणि ‘बहुतांश’ म्हणजे त्याहून जास्त. यवतमाळात 16 तालुके आहेत. ‘तुरळक’ असताना दारव्ह्याला पडला आणि वणीला कोरडं राहिलं, तर अंदाज बरोबर आला. गडगडाटी ढग काही किलोमीटरचा असतो आणि तासाभरात विरतो. तो कोणत्या शिवारावर येणार हे आदल्या दिवशी सांगता येत नाही. तीन तासांचा इशारा निघतो तो त्यासाठीच, आणि तोही गावाचं नाव घेऊन येत नाही. अंदाज खरोखर चुकतातही. पण आपल्याकडे खोटे ठरवलेले कितीतरी अलर्ट नीट वाचले तर बरोबर निघतात.

वेळेचाही घोळ आहे. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. 10 तारखेचा इशारा 11 च्या सकाळी 8.30 पर्यंत चालतो. 11 ला पहाटे चारला पाऊस आला तर तो 10 च्याच इशाऱ्यातला आहे. आणि ग्रुपवर येणारा फोटो बहुतेकदा वेळ कापून आलेला असतो. 1 वाजताचा इशारा संध्याकाळी साडेसहाला पोहोचला तर तो खोटा नाही, संपलेला आहे. ज्या मेसेजवर काढल्याची तारीख आणि वेळ नाही, तो पुढे पाठवू नये. हवामान विभागाच्या ‘मौसम’ ॲपवर किंवा नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राच्या पानावर जिल्हा उघडून बघायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

नदीला आपल्या जिल्ह्याचा रंग लागू नाही

रंग आपल्या डोक्यावरच्या आभाळाचा असतो, नदी मात्र वरून येते. ऑगस्ट 2020 च्या शेवटी मध्य प्रदेशात जोराचा पाऊस झाला, सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचं पाणी वैनगंगेत सुटलं, भंडारा-गोंदियात शिरलं, गोसीखुर्दचे दरवाजे उघडावे लागले आणि खाली ब्रह्मपुरी, वडसा भागातली गावं पाण्यात गेली. धानाच्या बांध्या किती दिवस बुडून राहिल्या ते तिथल्या लोकांना विचारा. ते पाणी त्यांच्या आभाळातून आलेलं नव्हतं. म्हणून काठावरच्या माणसाने स्वतःच्या जिल्ह्याच्या लाल रंगाची वाट पाहत बसू नये.

वैनगंगेच्या काठी राहत असाल तर सिवनी आणि बालाघाटचाही रंग बघा. वर्धा नदी बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईकडून येते, तेव्हा मोर्शीच्या खालच्या गावांनी बैतूलवर लक्ष ठेवावं. धरणातून पाणी सोडल्याचा निरोप वेगळा येतो, तो पाटबंधारे विभाग आणि तहसीलकडून, तलाठी-कोतवालामार्फत. त्याला रंग नसतो, त्यात विसर्ग आणि वेळ असते. तो आला की आपल्याकडे ऊन पडलेलं असलं तरी नदीवरचा मोटरपंप काढून वर आणायचा आणि ढोरं पात्रातून हलवायची.