रु ।500

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत फाटकासमोर गाडी उभी करणाऱ्यांना पाचशे रुपये दंड लावायचे ठरले आणि ‘तुमचे मराठी टायपिंग चांगले आहे’ या एकाच अपराधासाठी सूचना लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी ती लिहिली, छापली, आणि फलकाला टाचणी लावणार तोच तिसऱ्या मजल्यावरचे काका मागे येऊन उभे राहिले.

काका सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आहेत, पण शेरा मारण्याच्या कामातून अद्याप निवृत्त झालेले नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाजवळ नेला आणि विचारले, “अहो, हे टिंब कशाला? हा इंग्रजांचा फुलस्टॉप. आपला दंड कुठे गेला?”

मला वाटले, ते पाचशे रुपयांविषयी बोलत आहेत. मी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवले. “तो नव्हे,” काका म्हणाले, “उभा दंड! अभंगात असतो, ओवीत असतो, तो!”

अभंगात आणि ओवीत तो असतो हे खरेच आहे; परंतु मराठी गद्यात वाक्याच्या शेवटी टिंब देण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकापासूनची आहे आणि मेजर कँडी यांनी इंग्रजीच्या धर्तीवर विरामचिन्हे मराठीत रुळवली, हे मी नम्रपणे सांगितले. उभा दंड हिंदीने ठेवला, आपण ठेवला नाही. कँडी हे नाव ऐकताच काकांना माझा पक्ष अधिकच देशद्रोही वाटू लागला. “म्हणजे साहेबानेच दिले ना? मग परत करा.” त्याच दमात त्यांनी शेवटच्या वाक्याकडे बोट दाखवले. “आणि प्रश्नचिन्ह शब्दाला चिकटवू नका. आधी जागा सोडा. शोभते.” प्रश्नचिन्हही त्याच साहेबाच्या पेटीतून आले आहे, ते कोणत्या ओवीत सापडते, हे विचारायचे माझ्या ओठांवर आले होते, पण काका पाण्याच्या समितीवर आहेत आणि आमच्याकडे पाणी सकाळी अर्धाच तास येते.

त्या जागेचे मूळ, मला वाटते, दंडातच असावे. दंड शब्दाला चिकटवला की तो काना भासतो, ‘आहे।’ हा शब्द ओझरता पाहिला तर ‘आहे’ला कुणी नजरचुकीने काना दिला आहे असे वाटते. म्हणून टंकणारे आधी जागा सोडतात, आणि मग हाताला लागलेली ती सवय प्रश्नचिन्हापर्यंत पोहोचते. प्रश्नचिन्ह मात्र कशाचाच काना भासत नाही, आणि त्याच्या दोन्ही अंगांची बारीक मोकळीक फॉन्टमध्येच दिलेली असते.

काका हलेनात, तेव्हा मी संगणक उघडला. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून टिंबाची कळ दाबली की दंड उमटतो. “एकेक कशाला बदलता, सगळे एकदम बदला,” अशी आज्ञा झाली. मी शोधायच्या चौकटीत टिंब घातले, बदलायच्या चौकटीत एक जागा आणि दंड, आणि कळ दाबली. रागाच्या भरात, न वाचता, छापून लावले. येथे चूक माझी होती हे मान्य करतो, पण ती अर्धीच.

कारण संगणकाला वाक्य संपल्याचे टिंब आणि संक्षेपाचे टिंब यांतला भेद कळत नाही. ‘स.न.वि.वि.’चे ‘स ।न ।वि ।वि ।’ झाले, जणू अक्षरे गजाआड उभी आहेत. सकाळी 10.30 ची वेळ ‘10 ।30’ झाली. आणि ‘रु.500’चे झाले ‘रु ।500’. आकडे इंग्रजी होते आणि दंड त्यांना इतका बिलगला होता की फलकावर पंधराशे रुपये स्वच्छ दिसत होते.

“आपण सुजाण रहिवासी आहात ना ?” या वाक्यात तर प्रश्नचिन्हाआधीच्या जागेवर ओळ मोडली आणि ते बिचारे पुढच्या ओळीत एकटेच जाऊन बसले. जागा हवीच होती तर कंट्रोल आणि शिफ्ट धरून स्पेसबार दाबायचा होता, म्हणजे ती न तुटणारी जागा होते आणि चिन्ह शब्दाला सोडून जात नाही. संध्याकाळपर्यंत त्या एकाकी प्रश्नचिन्हापुढे कुणीतरी पेनाने ‘होय’ लिहिले होते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांनी मुकाट्याने पंधराशे रुपये भरले आणि पावतीही घेतली. तिसऱ्या दिवशी त्यांना खरा आकडा कळला. आता ते हजार रुपये परत मागत आहेत, खजिनदार पावतीकडे बोट दाखवत आहेत, आणि ‘टाइप कुणी केले’ हा प्रश्न मात्र सर्वांना पडला आहे. टाइप कुणी करायला लावले, हे कुणीच विचारत नाही.

काल रात्री काका स्वतःच घरी आले. सोफ्यावर टेकले, चष्मा कपाळावर चढवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, “अहो, संक्षेपाला टिंबच ठेवायचे असते. हिंदीवालेसुद्धा तिथे दंड देत नाहीत, बारीक गोल तरी देतात. एवढे तुम्हांला माहीत असायला हवे होते.”