हात दाबून नोकरी मिळत नाही, काका

"इंटरव्ह्यूचा निकाल पहिल्या ७ सेकंदांतच लागतो!! १) आत शिरताच स्वतः हात पुढे करा, घट्ट दाबा, आधी तुम्ही सोडू नका. अमेरिकन युनिव्हर्सिटीने सिद्ध केलंय. २) नजरेला नजर द्या, एकदाही हलवू नका. हलली की समोरच्याला कळतं खोटं बोलताय. ३) पहिलं वाक्य पाठ करा : गुड मॉर्निंग सर, मायसेल्फ अमुक तमुक. ४) नमस्कार करू नका, गावंढळ वाटाल. ५) शब्दांना फक्त ७ टक्के किंमत असते. प्रत्येक नोकरी शोधणाऱ्या मुलापर्यंत पोचवा."

हा मेसेज पाठवणारे माझ्या बहिणीचे थोरले दीर, म्हणजे माझ्या भाच्याचे काका, कळव्याचे. रोज सकाळी त्यांचं काही ना काही येतंच, मी वाचत नाही. पण रविवारी भाचा घरी आला आणि दारातच त्याने हात पुढे केला. मी दिला. त्याने असा आवळला की माझी अंगठी शेजारच्या बोटात रुतली. मी "अरे, सोड!" म्हणेपर्यंत सोडला नाही, कारण आधी सोडायचा नव्हता. म्हटलं, हे काय नवीन? तर म्हणतो, "मावशी, सराव करतोय. शुक्रवारी महापेच्या इंटरव्ह्यूत केलं तेव्हा नीट जमलं नाही."

म्हणजे सराव नंतर, प्रयोग आधीच झाला होता.

मी रबाळ्याच्या एका कारखान्यात एचआरला आहे. अकरा वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते, त्यामुळे शुक्रवारी काय घडलं ते त्याच्याकडून बारकाईने काढून घेतलं. पोरगं केमिकलचा डिप्लोमा झालेलं, जागा क्वालिटी कंट्रोलमधली. खोलीत रुंद टेबल, पलीकडे तिघं : मधे एक वयस्कर साहेब, डावीकडे प्लांटमधला एक इंजिनीअर, उजवीकडे एक मॅडम. हा आत शिरला आणि थेट मधल्या साहेबांकडे झेपावला. ते मान खाली घालून आधीच्या उमेदवाराचं शीट भरत होते. याचा हात टेबलावर अधांतरी. त्यांनी पेन ठेवलं, चष्मा वर केला, अर्धवट उठून हात दिला. याने दाबला आणि धरून ठेवला. तेवढ्यात काखेतली प्लास्टिकची फाइल निसटली आणि तिन्ही वर्षांच्या मार्कशीट जमिनीवर. त्या गोळा करायला खाली वाकला तेव्हा कुठे साहेबांचा हात सुटला. इंजिनीअरने आपला हात पुढे केलाच नाही, लॅपटॉपवरूनच मान हलवली. मॅडमकडे याने पाहिलंच नव्हतं.

पुढे सगळे प्रश्न मॅडमनी विचारले. त्याच लॅबच्या प्रमुख होत्या.

आता त्या अमेरिकन युनिव्हर्सिटीबद्दल. अभ्यास खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करते. आयोवा विद्यापीठातला, २००८ साली जर्नल ऑफ अप्लाइड सायकॉलॉजीत छापून आलेला. ९८ विद्यार्थ्यांनी सरावाचे इंटरव्ह्यू दिले. हस्तांदोलनाला गुण देणारी पाच माणसं वेगळी होती, इंटरव्ह्यू घेणारे वेगळे. ज्यांच्या हस्तांदोलनाला त्या पाच जणांनी चांगले गुण दिले, त्यांची शिफारस इंटरव्ह्यू घेणाऱ्यांनीही जास्त केली. इथवर काका बरोबर.

पण चांगलं हस्तांदोलन म्हणजे काय, ते काकांच्या मेसेजात नाही. तिथे नुसती ताकद मोजलेली नव्हती. पकड पूर्ण आहे का, किती वेळ धरला, जोम किती, नजर होती का, हे सगळं मिळून गुण होते. पूर्ण पकड म्हणजे तुमच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मधला खळगा समोरच्याच्या खळग्याला टेकतो. तो टेकला की मुद्दाम दाबावं लागत नाही. बोटांची टोकंच हातात आली तर दाबल्यावर सांधे चेपले जातात आणि अंगठी रुतते. माझ्या दारात तेच झालं. समोरचा देईल तेवढाच दाब द्यायचा, दोनदा हलवायचा, सोडायचा. दोन-तीन सेकंदांचं काम.

दुसरं म्हणजे, तो अभ्यास अमेरिकेतला. तिथे इंटरव्ह्यूची सुरुवात हस्तांदोलनाने होते हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. हात मिळवायचा की नाही, आधी कुणी पुढे करायचा, हा प्रश्न तिथे तपासलाच नव्हता. आमच्या एमआयडीसीत मात्र खरी अडचण तिथेच येते. प्लांटवरून सरळ आलेल्या माणसाचे हात तेलकट असतात. काही बायका परक्या पुरुषाशी हात मिळवत नाहीत. काही पुरुष बायकांशी मिळवत नाहीत. कुणाचा हात दुखत असतो. म्हणून साधी रीत अशी की खोली ज्याची, हात त्याने पुढे करावा. त्याने केला तर लगेच द्या, नाही केला तर तुमचं काहीही बिघडलेलं नाही. २०२० आणि २०२१ मध्ये आम्ही कुणाशीच हात मिळवला नाही. माणसं तरी घेतलीच, आणि त्यातली बरीच अजून टिकून आहेत.

त्याच अभ्यासातलं आणखी एक, जे काकांनी गाळलं (किंवा त्यांच्यापर्यंत ते पोचलंच नसेल) : मुलींच्या हस्तांदोलनाला सरासरी गुण मुलांपेक्षा कमी पडले, पण इंटरव्ह्यूच्या निकालात त्या मागे पडल्या नाहीत. नुसत्या हातावर निकाल लागत असता तर पडल्या असत्या.

नमस्काराचं तर मला हसूच येतं. तीन माणसं रुंद टेबलापलीकडे बसलेली असताना एका नमस्कारात तिघांना अभिवादन होतं, कुणाला उठावं लागत नाही, फाइल पडत नाही. कॉर्पोरेट ऑफिसात हात जोडायला संकोच वाटत असेल तर मान किंचित झुकवून तिघांकडे एकेकदा पाहिलं तरी पुरतं. गावंढळ कुणी म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही. फाइल काखेत धरून अर्धवट वाकलेल्या मुलाबद्दल मात्र शेरे ऐकलेत.

फाइल डाव्या हातात धरावी, बॅग डाव्या खांद्यावर, उजवा हात मोकळा. पावसाळ्यात ट्रान्स-हार्बरने रबाळे नाहीतर घणसोलीला उतरून चालत येणाऱ्याची छत्री कुठे असते? उजव्या हातात. ती गेटवर नाहीतर रिसेप्शनला ठेवा, तळवा रुमालाने पुसा. ओल्या हाताचं कुणी मनाला लावून घेत नाही, पण तुमचं स्वतःचं लक्ष तिथेच अडकतं.

नजरेचा मुद्दा वाचून तर मला त्या मॅडमची दयाच आली. भाचा प्रश्न ऐकायचा मॅडमचा आणि उत्तर द्यायचा साहेबांच्या डोळ्यांत बघून, कारण एकदा धरलेली नजर हलवायची नव्हती. मॅडमनी विचारलं, टायट्रेशनचं रीडिंग दोनदा वेगळं आलं तर काय करशील? उत्तर त्याला येत होतं. घरी मला धडाधड सांगितलं : ब्युरेटमध्ये हवेचा बुडबुडा अडकलाय का ते बघेन, एंड पॉइंट ओलांडला नाही ना ते बघेन, मग तिसरं रीडिंग घेईन. तिथे मात्र अडखळला. "मावशी, पापणी लवू न देता आठवत नाही गं काही."

कसं आठवेल? आठवताना नजर बाजूला जाते, सगळ्यांचीच जाते. माझ्यासमोर बसलेला माणूस विचार करताना खिडकीकडे बघतो तेव्हा मला कळतं की तो पाठ केलेलं बोलत नाहीये. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आलेल्या सुमारे ५०० लोकांवर एक प्रयोग झाला होता, २०१६ साली छापून आला. समोरच्याने सलग किती वेळ पाहिलेलं बरं वाटतं, तर सरासरी साधारण ३ सेकंद. तेही पडद्यावरच्या चेहऱ्यांवर केलेलं, त्यामुळे घड्याळ लावून बसू नका. जो विचारतोय त्याच्याकडे बघून उत्तर सुरू करायचं, मधे बाकीच्यांकडे एकदा पाहायचं, संपवताना पुन्हा त्याच्याकडे यायचं, एवढंच. नजर खाली घालून सगळा इंटरव्ह्यू देणारे येतात, त्यांचं नुकसान होतं हे खरं. त्यावर औषध म्हणून डोळे वटारायचे नसतात.

पहिलं वाक्य. "मायसेल्फ" इंग्रजीत चूक आहे, "आय अॅम" म्हणावं. पण त्यावरून मी कधी कुणाला नाकारलेलं नाही, आमच्या पॅनेलवरचे दोघं अजून तसंच म्हणतात. खरा घोळ "सर" मध्ये आहे. खोलीत बाई असताना नुसतं "गुड मॉर्निंग सर" म्हणणारा मुलगा तिला सेक्रेटरी समजतोय, असा अर्थ निघतो, आणि माझ्याबाबतीत तो अनेकदा निघालाय. "गुड मॉर्निंग" एवढंच म्हणा, सगळ्यांना लागू पडतं. साडेबारा वाजले असतील तर "गुड आफ्टरनून". नाव त्यांनी आधीच वाचलेलं असतं, विचारलं तर सांगा. समोरच्याने मराठीत "या, बसा" म्हटलं तर मराठीत "नमस्कार" म्हणा, इंग्रजीला चिकटून बसू नका.

७ सेकंदांत मी काय करते, ते सांगते. तुमचा रेझ्युमे शोधते. बहुतेक वेळा तो आधीच्याच्या कागदांखाली असतो. पहिलं मत पटकन बनतं हे मी नाकारत नाही. पण आमच्या शीटवर सही शेवटी होते आणि मधे कामाचे रकाने भरावे लागतात. ते रिकामे ठेवून "हात छान दाबला" असं लिहिता येत नाही.

आणि ते ७ टक्के. १९६७ साली अल्बर्ट मेहराबियन यांनी सुटे शब्द वेगवेगळ्या आवाजात ऐकवून, चेहऱ्यांचे फोटो दाखवून प्रयोग केले, बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही एवढंच ओळखायला. हा आकडा सगळ्या बोलण्याला लागू नाही हे त्यांनी स्वतःच पुढे स्पष्ट केलंय. टायट्रेशनच्या उत्तराला ७ टक्के गुण देणारी लॅब मी तरी पाहिलेली नाही.

महापेहून अजून काही कळवलेलं नाही. पुढचा इंटरव्ह्यू गुरुवारी, ऐरोलीचा. त्याची पहिली फेरी व्हिडिओवर आहे. तिथे हात कुठून पुढे करायचा, ते काकांनी अजून कळवलेलं नाही.